अरबीत अकरा ते नव्व्याण्णव: आधी नाम, मग संख्या

आमच्या वर्गात पंधरा खुर्च्या होत्या. अरबी शिकायला लागून दोन महिने झाले असतील. उस्तादांनी विचारलं, "कम् कुर्सिय्यन् फ़िल्-फ़स्लि?" म्हणजे वर्गात खुर्च्या किती. मी मोजून उत्तर दिलं, "ख़म्स अश्रत कुर्सिय्यन्." उस्ताद थोडं थांबले आणि म्हणाले, "ही खुर्ची तुझ्या घरातली आहे. अरबांच्या घरातली खुर्ची पुल्लिंगी असते."

त्यांचं बरोबर होतं. 'कुर्सी' हा शब्द अरबीतून फिरत फिरत आपल्याकडे 'खुर्ची' होऊन आला आणि येताना स्त्रीलिंगी झाला. मी मराठीतलं लिंग धरून संख्या जोडली होती. बरोबर उत्तर होतं 'ख़म्सत अशर कुर्सिय्यन्'. म्हणजे नाम मी अचूक म्हटलं होतं, संख्या मात्र दोन्ही अंगांनी चुकली होती. या गटातल्या संख्यांचं बहुतेकदा असंच होतं. नामाचं काम सोपं असतं, ते एकदा शिकलं की संपतं. सगळा घोळ संख्येच्या लिंगात होतो, आणि त्यातही तेरा ते एकोणीसमध्ये सर्वांत जास्त. म्हणून हा लेख मी ज्या क्रमाने लिहितो आहे, त्याच क्रमाने बोलताना विचार करा.

आधी लेखनाबद्दल दोन शब्द. अरबी शब्द इथे देवनागरीत आहेत, पण ते मराठीसारखे वाचायचे नाहीत, संस्कृत श्लोकासारखे वाचायचे. म्हणजे 'अशर' लिहिलं असेल तर शेवटचा 'अ' पूर्ण म्हणायचा, 'अशर्' म्हणून तोडायचा नाही. जिथे स्वर नाही तिथे मी हलन्त चिन्ह दिलं आहे किंवा जोडाक्षर केलं आहे. 'अश्रत' म्हणजे अ-श्-र-त, शेवटी पूर्ण 'त'. 'थ' जिथे येईल तिथे जिभेचं टोक दातांमध्ये हलकं ठेवायचं. ऐन हे कंठातून येणारं व्यंजन देवनागरीत दाखवता येत नाही, त्याच्या जागी मी 'अ', 'इ' किंवा 'उ' लिहिला आहे.

नाम: एकवचन, द्वितीया, शेवटी 'अन्'

अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत कोणतीही संख्या घ्या, तिच्यानंतर येणारं नाम एकवचनी असतं आणि द्वितीया विभक्तीत असतं. 'अल्' लागत नाही, अनेकवचन होत नाही, वाक्य कसंही फिरलं तरी नाम हलत नाही. पंधरा पुस्तकं म्हणजे 'पंधरा पुस्तक': ख़म्सत अशर किताबन्. चाळीस रात्री म्हणजे 'चाळीस रात्र': अर्बऊन लैलतन्.

मराठी कानाला हे वाटतं तितकं परकं नाही. 'लग्नाला पाचशे माणूस होतं' असं आपण सहज म्हणतो, त्यातला 'माणूस' एकवचनीच असतो. संख्येनेच 'अनेक' हे सांगून टाकलं, आता फक्त जात सांगायची. अरबी व्याकरणात या नामाला 'तम्यीज़' म्हणतात, म्हणजे वेगळं करून दाखवणारा शब्द. 'वीस' म्हटलं की प्रश्न उरतो, वीस काय? त्याचं उत्तर तम्यीज़ देतो, आणि उत्तराची विभक्ती द्वितीया.

'कम्' म्हणजे किती, हा प्रश्नवाचक शब्दही नेमकं हेच रूप मागतो: एकवचन, द्वितीया. म्हणून उस्तादांच्या प्रश्नातलं 'कुर्सिय्यन्' मी जसंच्या तसं उचललं आणि ते बरोबर आलं. तुम्हाला कुणी 'कम् किताबन् इन्दक?' असं विचारलं, तुझ्याकडे किती पुस्तकं आहेत, आणि उत्तर अकरा ते नव्व्याण्णवमध्ये असेल, तर नाम प्रश्नातच तयार आहे. सुरुवातीला सरावासाठी स्वतःलाच 'कम्' लावून प्रश्न विचारा, नामाची चूक होणारच नाही.

लिहिताना एवढं बघायचं की या 'अन्'साठी शब्दाच्या शेवटी एक अलिफ़ जोडतात, पण ज्याच्या शेवटी गोल ता, म्हणजे बहुधा स्त्रीलिंग दाखवणारं 'त'चं अक्षर आहे, त्या शब्दाला जोडत नाहीत. म्हणून 'किताबन्'च्या शेवटी अलिफ़ दिसतो, 'लैलतन्'च्या शेवटी नाही. आणि बोलताना वाक्य तिथेच संपलं तर 'किताबन्'चं 'किताबा' होतं, 'लैलतन्'चं 'लैला'. बातम्या ऐकताना 'अन्' सापडत नाही म्हणून गोंधळू नका, निवेदक तिथे थांबलेला असतो.

लिंग: अरबीतलं, आणि एकवचनाचं

आता दुसरी पायरी. संख्या तोंडातून निघण्याआधी नामाचं लिंग ठरलेलं असायला हवं. इथे आपल्या पायात दोन गोष्टी अडखळतात.

पहिली म्हणजे ओळखीचे शब्द. मराठीत अरबी मुळाचे शब्द ढिगाने आहेत, आणि त्यांतले कितीतरी येताना लिंग बदलून आले आहेत. खुर्ची आणि मशीद आपल्याकडे स्त्रीलिंगी, अरबीत कुर्सी आणि मस्जिद पुल्लिंगी. तारीख आपल्याकडे स्त्रीलिंगी, अरबीत पुल्लिंगी. हिंदीची सवय असेल तर 'किताब' स्त्रीलिंगी वाटते, अरबीत ती पुल्लिंगी. उलटही होतं. आपला किल्ला पुल्लिंगी, पण तो ज्या 'क़ल्अ'वरून आला तो शब्द गोल ता घेऊन येतो आणि अरबीत स्त्रीलिंगी आहे. रुपया आपल्याकडे पुल्लिंगी, अरबीत 'रूबिय्या' स्त्रीलिंगी, तर रियाल, दिरहम आणि दीनार पुल्लिंगी. त्यामुळे पंधरा रियाल आणि पंधरा रुपये यांची संख्या अरबीत वेगवेगळी ऐकू येते. ओळखीचा शब्द दिसला की लिंग पुन्हा तपासायचं, ही सवय मला त्या खुर्चीने लावली.

दुसरी गोष्ट अनेकवचनाची. अरबीत '-आत' हा प्रत्यय बहुधा स्त्रीलिंगी अनेकवचनाचा असतो, पण काही पुल्लिंगी शब्दही तोच घेतात. मतार, म्हणजे विमानतळ, याचं अनेकवचन मतारात. हम्माम, म्हणजे स्नानगृह, याचं हम्मामात. शिकणारा अनेकवचन ऐकतो, स्त्रीलिंग समजतो आणि संख्या चुकवतो. लिंग नेहमी एकवचनाचं बघायचं. चाचणी सोपी आहे: एकवचनाआधी 'हाज़ा' (हा) बसतो की 'हाज़िही' (ही), हे म्हणून पाहा. हाज़ा मतारुन्, म्हणून पुल्लिंगी. हाज़िही क़ल्अतुन्, म्हणून स्त्रीलिंगी. शब्दसंग्रहाच्या वहीत प्रत्येक नाम या एका शब्दासकट लिहिलंत तर पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

तेरा ते एकोणीस: एक अर्धा उलटा, एक अर्धा सुलटा

अरबीत तीन ते दहा या संख्यांचा एक विचित्र नियम तुम्ही आधी शिकला असाल: संख्या नामाच्या उलट लिंगात जाते. पुल्लिंगी नामाला गोल ता असलेली संख्या, स्त्रीलिंगी नामाला गोल ता नसलेली. पाच पुरुष म्हणजे ख़म्सतु रिजालिन्, पाच बायका म्हणजे ख़म्सु निसाइन्. नुसतं मोजताना, वाहिद, इथ्नान, थलाथा, अर्बआ, ख़म्सा, आपण गोल ता असलेलंच रूप म्हणतो. म्हणजे मोजणीतलं नेहमीचं रूप पुल्लिंगी नामाला जातं, असं लक्षात ठेवलं तरी चालतं.

पंधरा म्हणजे 'पाच' आणि 'दहा' शेजारी शेजारी. मधला 'व', म्हणजे आणि, गळून गेला आहे. आपल्या 'पंधरा'मध्येही पाच आणि दहाच मिसळले आहेत, पण इतके विरघळले की वेगळे दिसत नाहीत. अरबीत दोन्ही शब्द स्पष्ट दिसतात, मात्र व्याकरण त्यांना एकच शब्द मानतं. आणि या जोडीत दोघे नामाशी वेगळे वागतात. 'पाच' आपली जुनी खोड सोडत नाही, तो उलटाच राहतो. 'दहा' मात्र या जोडीत आला की सुधारतो आणि नामाच्या लिंगाप्रमाणे चालतो.

पुल्लिंगी नाम: ख़म्सत अशर तालिबन्, पंधरा विद्यार्थी. 'ख़म्सत'ला गोल ता आहे, म्हणजे उलटं. 'अशर'ला नाही, म्हणजे सुलटं.

स्त्रीलिंगी नाम: ख़म्स अश्रत तालिबतन्, पंधरा विद्यार्थिनी. 'ख़म्स'ला गोल ता नाही, 'अश्रत'ला आहे.

दोन्ही ओळी मोठ्याने म्हणा. कानाला जाणवेल की 'त' हा एकच आहे आणि तो फक्त जागा बदलतो. हीच या गटाची सर्वांत भरवशाची तपासणी आहे: तेरा ते एकोणीसमध्ये संख्येच्या दोन शब्दांपैकी बरोबर एकालाच गोल ता असते. दोन्हींना दिसली तरी चूक, एकालाही नसली तरी चूक. आणि नाम पुल्लिंगी असेल तर ती पहिल्या शब्दाला. हे अठरालाही लागू पडतं, थमानियत अशर तालिबन् आणि थमानिय अश्रत तालिबतन्.

'अशर' आणि 'अश्रत' यांतला दुसरा फरक नवशिक्यांच्या नजरेतून सुटतो, कारण छापील अरबीत तो दिसतच नाही. एकात 'श'ला स्वर आहे, दुसऱ्यात 'श्' अर्धा आहे. नुसत्या दहाकडे पाहिलं तर तिथेही हे दोन प्रकार आहेत: दहा पुरुष म्हणजे अशरतु रिजालिन्, दहा बायका म्हणजे अश्रु निसाइन्. गोल ता या दोन ठिकाणी उलटसुलट फिरते, पण 'श' फिरत नाही. मोजायची वस्तू पुल्लिंगी असेल तर 'श' पूर्ण, स्त्रीलिंगी असेल तर 'श्' अर्धा, दहातही आणि पंधरातही. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण चार रूपं पाठ करण्याऐवजी एकच गोष्ट कानात ठेवायची होती.

आणखी एक सोय म्हणजे तेरा ते एकोणीसमध्ये विभक्ती चालत नाही. दोन्ही शब्दांचा शेवट कायम 'अ'. जाअ ख़म्सत अशर तालिबन्, पंधरा विद्यार्थी आले. रअय्तु ख़म्सत अशर तालिबन्, मी पंधरा विद्यार्थी पाहिले. मअ ख़म्सत अशर तालिबन्, पंधरा विद्यार्थ्यांबरोबर. कर्ता असो, कर्म असो, अव्ययानंतर असो, एक अक्षरही बदललं नाही. दोन शब्द जुळून एक झाले म्हणून ते असे गोठले, असं जुने वैयाकरण सांगतात. 'मअ'नंतर एरवी 'इ' येतो, म्हणून इथेही 'ख़म्सति अशरि' म्हणायचा मोह होतो. तो टाळायचा.

वय सांगताना हा सगळा नियम एका वाक्यात भेटतो. अरबीत वर्षाला दोन शब्द आहेत, 'आम' पुल्लिंगी आणि 'सना' स्त्रीलिंगी. 'मी पंधरा वर्षांचा आहे' हे 'उम्री ख़म्सत अशर आमन्' असंही म्हणता येतं आणि 'उम्री ख़म्स अश्रत सनतन्' असंही. अर्थ एकच, वय एकच, फक्त वर्षाचा शब्द बदलला आणि 'त' इकडून तिकडे गेला. रोज आपलं, भावंडांचं, शेजाऱ्यांचं वय या दोन्ही प्रकारे म्हणा. मी कुठल्याही तक्त्यापेक्षा यातून जास्त शिकलो.

अकरा आणि बारा: सरळ माणसं

गंमत म्हणजे याच गटातल्या अकरा आणि बारा या दोन संख्या उलट्या नाहीत. एक आणि दोन अरबीत नेहमीच नामाच्या लिंगाने चालतात, म्हणून इथे दोन्ही अर्धे सुलटे. अकरा तारे: अहद अशर कौकबन्. अकरा शहरं: इह्दा अश्रत मदीनतन्. 'वाहिद'ऐवजी 'अहद' आणि 'इह्दा' ही वेगळी रूपं आली आहेत, ती मात्र पाठच करावी लागतात. कुराणात सूरह यूसुफमध्ये यूसुफ वडिलांना स्वप्न सांगतात, त्यात हीच अकरा ताऱ्यांची जोडी येते: अहद अशर कौकबन्. एकवचन, 'अन्', पुल्लिंगी, सगळं एका ठिकाणी.

बारा हा एकटाच असा की ज्याचा पहिला अर्धा विभक्तीने बदलतो, कारण 'दोन' द्विवचनासारखा चालतो. बारा महिने कर्ता किंवा विधेय असतील तर इथ्ना अशर शह्रन्. कर्म असतील किंवा अव्ययानंतर आले तर इथ्नय् अशर शह्रन्. स्त्रीलिंगी नामाला इथ्नता अश्रत, आणि बदललं की इथ्नतय् अश्रत. दुसरा अर्धा मात्र गोठलेलाच. आधीच्या शब्दाला जोडून वाचताना सुरुवातीचा 'इ' गळतो, म्हणून 'व' लागला की 'वथ्ना अशर' ऐकू येतं. खाली ओळख पटावी म्हणून मी 'इ' ठेवला आहे.

वीस ते नव्व्याण्णव, आणि मराठीची मदत

दहाचे पाढे, वीस, तीस ते नव्वद, यांना लिंगच नाही. इश्रून रजुलन्, वीस पुरुष. इश्रून इम्रअतन्, वीस बायका. फक्त विभक्ती आहे: कर्त्यात '-ऊन', बाकी सगळीकडे '-ईन'. इश्रून आणि इश्रीन, थलाथून आणि थलाथीन. या रूपांच्या शेवटी 'न' घट्ट बसलेला आहे, म्हणून त्यांना पुढच्या नामाशी षष्ठीने जोडता येत नाही. नाम द्वितीयेत वेगळं उभं राहतं याचं वैयाकरणांनी दिलेलं कारण हेच आहे.

एकवीस ते नव्व्याण्णवमध्ये 'व' पुन्हा परत येतो, आणि एकम आधी, दशक नंतर. इथे मराठी माणूस इंग्रजी माध्यमातल्या शिकणाऱ्यापेक्षा पुढे असतो, कारण आपणही तेवीस, चौतीस, पंचेचाळीस असंच म्हणतो, एकम आधी. ख़म्सतुन् व-इश्रून, पाच-आणि-वीस, पंचवीस. एकमाचं लिंग जुन्या नियमानेच: तीन ते नऊ उलटे, एक आणि दोन सुलटे. पंचवीस वर्षं म्हणजे ख़म्सतुन् व-इश्रून आमन् किंवा ख़म्सुन् व-इश्रून सनतन्. 'व'मुळे दोघे पुन्हा वेगळे शब्द झाले, म्हणून आता दोघांनाही विभक्ती लागते. 'मी पाहिले' म्हटलं की ख़म्सतन् व-इश्रीन, 'बरोबर' म्हटलं की ख़म्सतिन् व-इश्रीन. पंधरा गोठलेला आणि पंचवीस वाहता, हा फरक डोक्यात पक्का बसायला वेळ लागतो. तो द्यावा.

पण मराठी एका जागी दगा देते, आणि मी हे माझ्या बरोबरच्या मुलांच्या तोंडी वारंवार ऐकलं आहे. एकोणतीस. आपल्या शब्दात 'तीस' ऐकू येतो, कारण तो 'एक कमी तीस' असा बनलेला आहे. घाईत बोलताना जीभ 'थलाथून'कडे जाते आणि 'तिस्अतुन् व-थलाथून' निघतं, म्हणजे एकोणचाळीस. अरबीत एकोण नाही, नेहमी नऊ-आणि-वीस: तिस्अतुन् व-इश्रून. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा धोका आहे. नव्व्याण्णव मात्र आपल्याकडेही नऊ आणि नव्वदच, त्यामुळे तिथे चूक होत नाही. नऊवर संपणारी संख्या आली की आधी मनात आकडा डोळ्यांसमोर आणा, 29, आणि मग बोला. शब्दावरून शब्दाकडे जाऊ नका.

एक वाक्य, पायरीपायरीने

समजा लिहायचं आहे: 'शाळेत पंधरा शिक्षक, अकरा शिक्षिका, एकोणतीस खोल्या आणि बारा स्नानगृहं आहेत.'

आधी चारही नामं एकवचनात आणि लिंगासकट लिहून काढू: हाज़ा मुअल्लिम, हाज़िही मुअल्लिमा, हाज़िही ग़ुर्फ़ा, हाज़ा हम्माम. शेवटचं विशेष सांभाळायचं, त्याचं अनेकवचन हम्मामात आहे. आता चौघांना 'अन्' लावू: मुअल्लिमन्, मुअल्लिमतन्, ग़ुर्फ़तन्, हम्मामन्. नामं संपली, पुन्हा त्यांच्याकडे वळायचं नाही.

आता संख्या. पंधरा आणि पुल्लिंगी नाम, तर गोल ता पहिल्या शब्दाला: ख़म्सत अशर. अकरा आणि स्त्रीलिंगी नाम, दोन्ही सुलटे: इह्दा अश्रत. एकोणतीस, म्हणजे नऊ-आणि-वीस. खोली स्त्रीलिंगी, म्हणून नऊ ता-विना: तिस्उन् व-इश्रून. बारा आणि पुल्लिंगी, वाक्यात कर्त्याच्या जागी: इथ्ना अशर.

फ़िल्-मद्रसति ख़म्सत अशर मुअल्लिमन्, व-इह्दा अश्रत मुअल्लिमतन्, व-तिस्उन् व-इश्रून ग़ुर्फ़तन्, व-इथ्ना अशर हम्मामन्.

आता सुरुवात बदलून 'मी पाहिले', रअय्तु, असं करा आणि काय हलतं ते बघा. पंधरा हलला नाही. अकरा हलला नाही. एकोणतीसचं तिस्अन् व-इश्रीन झालं, बाराचं इथ्नय् अशर. नामं चारही जिथल्या तिथे. असं एक वाक्य रोज दोन्ही प्रकारे लिहा, तेवढं पुरे होतं.

सीमा कुठे आहेत

हा नियम दोन्ही टोकांना तुटतो. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनी आणि षष्ठीत: ख़म्सतु कुतुबिन्, पाच पुस्तकं. शंभरावर एकवचनी पण षष्ठीत: मिअतु किताबिन्. मोठ्या संख्येत शेवटचा तुकडा नाम ठरवतो. एकशे पंधरा पुस्तकांत शेवटी पंधरा आहे, म्हणून मिअतुन् व-ख़म्सत अशर किताबन्. एकशे पाच असतील तर शेवटी पाच, म्हणून नाम 'कुतुबिन्'.

नाम उच्चारलंच नाही तरी संख्या लिंग सांगून जाते. सूरह मुद्दस्सिरमध्ये नरकाविषयी 'अलय्हा तिस्अत अशर' येतं, त्यावर एकोणीस आहेत. एकोणीस काय, ते त्या वाक्यात नाही. पण गोल ता पहिल्या शब्दाला आहे, म्हणजे न उच्चारलेलं नाम पुल्लिंगी, आणि पुढच्याच आयतीत ते फरिश्ते असल्याचं कळतं. मलक, फरिश्ता, पुल्लिंगी आहे. उलट एका जागी वाचक दचकतो: सूरह अअराफमध्ये 'इथ्नतय् अश्रत अस्बातन्' येतं, आणि 'अस्बात' हे अनेकवचन आहे. तिथे तम्यीज़ गाळलेला आहे आणि 'अस्बातन्' हा त्या संख्येचा समानाधिकरण शब्द आहे, अशी वैयाकरण उकल करतात. अशी जागा भेटली म्हणून नियमावरचा विश्वास सोडू नका, आणि आपल्या लेखनात तिचं अनुकरणही करू नका.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी एवढं जाणून घ्यावं की बाजारात यातलं बरंच गळून गेलेलं असतं. तिथे 'ख़म्स्तअश रियाल' ऐकू येईल, आणि स्त्रीलिंगी नामालाही तोच 'ख़म्स्तअश'. लिंगाचा खेळ नाही, 'अन्' नाही. पण नाम तिथेही एकवचनीच राहिलं आहे. म्हणून भाजीवाल्याशी बोलताना 'अशर' की 'अश्रत' यावर अडून राहू नका. अर्ज, परीक्षा, बातमी किंवा भाषण असेल तेव्हा मात्र पूर्ण रूप हवं.

शेवटी कानाला सराव म्हणून दोन नव्व्याण्णव शेजारी ठेवतो. सूरह सादमध्ये एक माणूस दाऊदकडे तक्रार घेऊन येतो की माझ्या भावाकडे नव्व्याण्णव मेंढ्या आहेत आणि माझ्याकडे एकच: तिस्उन् व-तिस्ऊन नअजतन्. नअजा, मेंढी, स्त्रीलिंगी, म्हणून नऊ ता-विना, आणि कर्त्याच्या जागी म्हणून '-ऊन'. अल्लाहच्या नावांबद्दलच्या प्रसिद्ध हदीसमध्ये मात्र 'इन्न लिल्लाहि तिस्अतन् व-तिस्ईन इस्मन्' येतं. इस्म, नाव, पुल्लिंगी, म्हणून नऊला गोल ता, आणि 'इन्न'मुळे द्वितीया, म्हणून 'तिस्अतन्' आणि '-ईन'. दोन्ही ओळी सलग दहा वेळा म्हणा आणि मग पहिल्या ओळीत मेंढ्यांच्या जागी मेंढे, कब्श, हा पुल्लिंगी शब्द घालून स्वतः बदलून पाहा. तुम्ही 'तिस्अतुन् व-तिस्ऊन कब्शन्' म्हणालात, तर बरोबर म्हणालात.